दिवाणी दाव्यातील वादमुद्दे: खटल्याची दिशा ठरते ती साक्षीपुराव्याच्या आधीच

दिवाणी न्यायालयाच्या निकालपत्राच्या सुरुवातीलाच बहुधा एक छोटा तक्ता असतो. त्याच्या डाव्या रकान्यात 'मुद्दे' आणि उजव्या रकान्यात 'निष्कर्ष' असे शीर्षक असते. 'वादी अमुक गोष्ट शाबीत करतात काय?' असा प्रश्न डावीकडे आणि 'होकारार्थी' किंवा 'नकारार्थी' हे उत्तर उजवीकडे. उजवा रकाना निकालाच्या दिवशी भरला जातो, तर डावा रकाना अनेकदा त्याच्या काही वर्षे आधी, एकाही साक्षीदाराची तपासणी होण्यापूर्वी लिहिलेला असतो. पक्षकारांचे लक्ष स्वाभाविकपणे उजव्या रकान्याकडे असते. परंतु कोणी काय सिद्ध करायचे, कोणता साक्षीदार बोलवायचा आणि पुरावा अपुरा पडल्यास दावा कोणाच्या विरुद्ध जायचा, हे डाव्या रकान्यातील प्रश्नांच्या शब्दरचनेवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

न्यायालयात या टप्प्याला 'मुद्दे काढणे' असे म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 14 या टप्प्यासाठीच आहे.

मुद्दा कोठून जन्मतो?

आदेश 14 मधील पहिल्या नियमानुसार, वस्तुस्थितीविषयी किंवा कायद्याविषयी एखादे महत्त्वाचे विधान एका पक्षाने ठामपणे करावे आणि दुसऱ्याने ते नाकारावे, तेव्हा वादमुद्दा निर्माण होतो. दावा करण्याचा आपला हक्क दाखविण्यासाठी वादीला जे सांगावेच लागते, किंवा आपला बचाव उभा करण्यासाठी प्रतिवादीला जे सांगावेच लागते, ते महत्त्वाचे विधान. अशा प्रत्येक विधानाचा स्वतंत्र मुद्दा झाला पाहिजे, असेही हा नियम सांगतो.

म्हणजेच वादपत्रात लिहिलेली प्रत्येक गोष्ट मुद्दा होत नाही. प्रतिवादीने मान्य केलेली गोष्ट वादाच्या कक्षेबाहेर जाते आणि ती सिद्ध करण्याची गरज सर्वसाधारणपणे उरत नाही. येथे लेखी कैफियतीच्या भाषेला महत्त्व येते. संहितेच्या आदेश 8 नुसार वादपत्रातील विधान स्पष्टपणे आणि नेमकेपणाने नाकारावे लागते. मोघम किंवा टाळाटाळीचा नकार पुरेसा ठरत नाही, आणि जे विधान स्पष्टपणे अथवा आवश्यक गर्भितार्थाने नाकारलेले नाही ते मान्य असल्याचे न्यायालय धरू शकते. 'वादपत्रातील परिच्छेद 4 ते 9 मधील सर्व मजकूर खोटा असून प्रतिवादीस कबूल नाही' या साच्यातील वाक्याने प्रतिवादीचे काम भागत नाही, ते याच कारणाने.

मुद्दे काढण्यापूर्वी न्यायाधीशांनी वादपत्र व कैफियत वाचणे, आवश्यक तेथे पक्षकारांकडून कबुली वा नकार तोंडी नोंदवून घेणे आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांचे म्हणणे ऐकणे अपेक्षित असते. दाखल झालेली कागदपत्रेही विचारात घेतली जातात. एखाद्या साक्षीदाराची तपासणी केल्याशिवाय किंवा दाखल नसलेला दस्तऐवज पाहिल्याशिवाय मुद्दे नीट काढता येणार नाहीत असे वाटल्यास न्यायालय त्यासाठी थोडी मुदत घेऊ शकते. प्रतिवादीने पहिल्या सुनावणीत कोणताच बचाव मांडला नाही, तर मुद्दे काढण्याची सक्ती नाही.

एका साठेखताचे उदाहरण

ही प्रक्रिया एका कल्पित दाव्यातून पाहू. वादीचे म्हणणे असे: प्रतिवादीने 10 जून 2021 रोजीच्या साठेखताने आपली जमीन 40 लाख रुपयांना विकण्याचे कबूल केले आणि इसार म्हणून 8 लाख रुपये घेतले. उरलेले 32 लाख रुपये देऊन सहा महिन्यांत खरेदीखत करायचे ठरले होते. वादी पैसे घेऊन तयार असतानाही प्रतिवादीने खरेदीखत करून दिले नाही. म्हणून कराराची पूर्तता करून द्यावी, तसे न झाल्यास इसाराची रक्कम व्याजासह परत मिळावी, अशी दुहेरी मागणी फेब्रुवारी 2024 मध्ये दाखल केलेल्या दाव्यात आहे.

प्रतिवादी कैफियतीत सांगतो की, दस्तऐवजावरील सही त्याचीच आहे आणि 8 लाख रुपयेही मिळाले आहेत. परंतु ती रक्कम हातउसनी होती आणि साठेखत केवळ तारण म्हणून लिहून दिले होते. जमीन विकण्याचा इरादा कधीच नव्हता. शिवाय वादीजवळ 32 लाख रुपये कधीच नव्हते.

आता या दोन कथनांची तुलना केली पाहिजे. सही, तारीख आणि 8 लाखांचा स्वीकार याबद्दल वाद नाही. त्यामुळे सही ओळखणारा साक्षीदार किंवा हस्ताक्षरतज्ज्ञ बोलावण्याचे कारण नाही. मतभेद दोन ठिकाणी उरतो: व्यवहाराचे खरे स्वरूप कोणते, आणि वादी पैसे देण्यास समर्थ व राजी होता काय. त्यावरून पुढील मुद्दे निघतात.

1. दि. 10 जून 2021 चे साठेखत हे विक्रीचा करार नसून हातउसन्या रकमेचे तारण होते, हे प्रतिवादी शाबीत करतात काय?
2. करारातील आपला भाग पूर्ण करण्यास आपण सदैव तयार व राजी होतो आणि आहोत, हे वादी शाबीत करतात काय?
3. वादी कराराच्या विनिर्दिष्ट पूर्ततेस पात्र आहेत काय?
4. नसल्यास, इसाराची रक्कम परत मिळण्यास वादी पात्र आहेत काय?
5. आदेश व हुकूमनामा काय?

पहिल्या मुद्द्यात 'प्रतिवादी शाबीत करतात काय' आणि दुसऱ्यात 'वादी शाबीत करतात काय' हा फरक सहज आलेला नाही. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 104 मधील तत्त्व असे की, जो पक्ष एखाद्या वस्तुस्थितीच्या आधारे आपल्या बाजूने निकाल मागतो, त्याने ती वस्तुस्थिती सिद्ध केली पाहिजे. पूर्वीच्या 1872 च्या कायद्यात हेच तत्त्व कलम 101 मध्ये होते. दस्तऐवज आणि सही मान्य करून 'पण तो दस्तऐवज दिसतो तसा नाही' असे प्रतिवादी म्हणतो. म्हणून ती जादा कहाणी सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. पैशांची तयारी मात्र वादीलाच दाखवावी लागते, कारण विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 16 नुसार ती सिद्ध न करणाऱ्याला करारपूर्तता मिळत नाही.

मुद्द्यावरून पुरावा कसा ठरतो

मुद्दे ठरताच पुढील हालचालींना वेग येतो. साक्षीदारांची यादी न्यायालयाने नेमलेल्या आणि मुद्दे निश्चित झाल्यापासून 15 दिवसांपलीकडे न जाणाऱ्या तारखेपर्यंत द्यायची असते. यादीत कोण असावे हे मुद्द्यांकडे पाहूनच ठरते. वरील दाव्यात दुसरा मुद्दा समोर असल्यामुळे वादीने डिसेंबर 2021 च्या सुमारासचे आपले बँक खातेउतारे, मुदत ठेवींच्या पावत्या किंवा कर्जमंजुरीचे पत्र दाखल करण्याची तयारी केली पाहिजे. रक्कम प्रत्यक्ष देऊ करणे किंवा न्यायालयात भरणे, न्यायालयाने तसा आदेश दिला नसेल तर, आवश्यक नाही. पण ती उभी करण्याची ऐपत दिसली पाहिजे. खरेदीखतासाठी पाठविलेली नोटीस आणि तिची पोचपावती हीही राजीपणाची साक्ष ठरते.

प्रतिवादीला पहिल्या मुद्द्यासाठी वेगळाच पुरावा लागेल: त्या काळातील त्याची पैशांची निकड, व्याज दिल्याच्या नोंदी, जमिनीच्या बाजारभावाशी 40 लाखांची तुलना, आणि बोलणी झाली तेव्हा हजर असलेली माणसे. लेखी कराराच्या अटींच्या विरुद्ध तोंडी पुरावा सामान्यतः चालत नाही. मात्र तो दस्तऐवज करार म्हणून अमलात यावा असा उभयतांचा हेतूच नव्हता, हे दाखविण्यासाठी तोंडी पुरावा देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले आहे. प्रतिवादीच्या बचावाची सारी मदार या अपवादावर राहील.

पुराव्याचा क्रमही मुद्द्यांवर अवलंबून असतो. सामान्यतः वादी आधी पुरावा देतो. पण काही मुद्द्यांचा भार प्रतिवादीवर असेल, तर वादी त्या मुद्द्यांपुरता आपला पुरावा मागे राखून ठेवू शकतो आणि प्रतिवादीचा पुरावा झाल्यावर त्याला उत्तर म्हणून देऊ शकतो. आपल्या उदाहरणात 'ही हातउसनी रक्कम होती' या कथेला खोडणारा साक्षीदार वादीने सुरुवातीलाच पुढे आणण्याची गरज नाही. तशी मुभा त्याला मिळते ती पहिल्या मुद्द्याचा भार प्रतिवादीवर टाकलेला असल्यामुळे.

उलटतपासाची कक्षाही येथेच आखली जाते. पुरावा द्यायचा तो वादग्रस्त वस्तुस्थितीचा आणि तिच्याशी संबंधित वस्तुस्थितीचा, इतर कशाचा नाही, हा साक्ष कायद्याचा पाया आहे. दिवाणी न्यायालयाने एखाद्या वस्तुस्थितीवर मुद्दा नोंदविला असेल, तर त्या मुद्द्याच्या उत्तरात जे ठासून सांगायचे किंवा नाकारायचे असते, ती वादग्रस्त वस्तुस्थिती होय, असे त्या कायद्याच्या व्याख्येतच स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे वादीच्या भावकीतील जुन्या भांडणांविषयी प्रश्न सुरू झाले, तर 'हे कोणत्या मुद्द्याशी संबंधित आहे?' ही हरकत घेता येते.

एक मर्यादा येथे लक्षात घ्यावी लागते. दोन्ही पक्षांनी भरपूर पुरावा दिल्यानंतर भार कोणावर होता या प्रश्नाचे महत्त्व कमी होते. न्यायालय सगळा पुरावा एकत्र तोलते. भार निर्णायक ठरतो तो पुरावा मुळीच नसताना किंवा दोन्ही पारडी सारखी असताना. वरील दाव्यात व्यवहाराच्या स्वरूपाविषयी दोन्हीकडून केवळ तोंडी विधाने आली आणि कोणावरही अधिक विश्वास ठेवण्याचे कारण दिसले नाही, तर पहिला मुद्दा नकारार्थी जाईल आणि त्याचा तोटा प्रतिवादीला होईल. हाच मुद्दा चुकून 'साठेखत हे तारण नव्हते, हे वादी शाबीत करतात काय?' असा लिहिला गेला असता, तर त्याच पुराव्यावर वादी हरण्याचा धोका निर्माण झाला असता.

मुद्दा राहून गेला तर?

व्यवहारात चूक दोन प्रकारे होते. एक तर प्रश्न इतका मोघम लिहिला जातो की त्यातून काहीच बोध होत नाही. आपल्या उदाहरणात केवळ 'वादी करारपूर्ततेस पात्र आहेत काय?' एवढाच मुद्दा काढला असता, तर पैशांच्या तयारीचा पुरावा आपल्याकडून अपेक्षित आहे, याकडे वादीचे लक्ष वेधले गेले नसते. दुसरी चूक म्हणजे खरा वाद जेथे आहे तो मुद्दाच सुटून जाणे.

केरळमधील एका करारपूर्ततेच्या दाव्यात नेमके हेच घडले. वादीच्या तयारी व राजीपणाविषयी स्वतंत्र मुद्दा काढलेला नसतानाही कनिष्ठ न्यायालयाने त्यावर वादीविरुद्ध निष्कर्ष दिला आणि उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे निर्णय रद्द केले. मुद्दा काढण्याचा हेतू पक्षकाराचे लक्ष त्या बाबीकडे वेधणे आणि त्याला पुरावा देण्याची संधी देणे हा असतो. म्हणून विशिष्ट मुद्दा न काढता त्यावर निष्कर्ष देणे योग्य नाही, अशी भूमिका घेत प्रकरण नव्याने निर्णयासाठी कनिष्ठ न्यायालयाकडे परत पाठविण्यात आले. एका वाक्याच्या अभावी पक्षकारांना तीन न्यायालयांनंतर पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागले.

याचा अर्थ मुद्दा नसला की निकाल आपोआप रद्द होतो, असा नाही. दोन्ही पक्षांना परस्परांचे म्हणणे पूर्णपणे माहीत होते, त्यांनी त्यावर पुरावाही दिला आणि कोणाचीही दिशाभूल झाली नाही, अशा स्थितीत मुद्दा औपचारिकपणे काढला नव्हता ही त्रुटी घातक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक दशकांपूर्वीच स्पष्ट केले आहे. संहितेचे कलम 99 देखील त्याच दिशेने जाते: दाव्याच्या गुणवत्तेवर किंवा न्यायालयाच्या अधिकारितेवर परिणाम न करणाऱ्या चुकीसाठी अपिलात हुकूमनामा फिरविला जात नाही. त्यामुळे अपिलात विचारला जाणारा खरा प्रश्न असा असतो की, मुद्दा नसल्यामुळे पक्षकाराने एखादा पुरावा द्यायचा राहिला काय? उत्तर होकारार्थी असेल, तर अपील न्यायालय आदेश 41 च्या नियम 25 नुसार स्वतः मुद्दा काढून तेवढ्यापुरते प्रकरण खालच्या न्यायालयाकडे पाठवू शकते. तेथे पुरावा नोंदवून निष्कर्ष परत पाठविला जातो.

मात्र जे कथन मुळात वादपत्रात किंवा कैफियतीत नाही, त्यावर मुद्दा काढता येत नाही आणि पुरावा देऊनही ती उणीव भरत नाही. वरंगळ येथील भूखंडांबाबतच्या एका प्रकरणात 25 मार्च 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल या दृष्टीने नेहमी उद्धृत केला जातो. तेथे वादींनी केवळ मनाई हुकूम मागितला होता. त्यांच्या विक्रेतीला ती जागा भावाकडून तोंडी बक्षीस म्हणून मिळाली होती, या गोष्टीवर त्यांचा हक्क उभा होता. पण वादपत्रात त्याचे कथन नव्हते आणि मालकी हक्काविषयी मुद्दाही नव्हता. उच्च न्यायालयाने दुसऱ्या अपिलात मालकीच्या प्रश्नात शिरून वादींच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मालकीविषयी आवश्यक कथन आणि योग्य मुद्दा नसेल, तर केवळ मनाई हुकुमाच्या दाव्यात न्यायालयाने मालकीचा निर्णय देऊ नये, असे त्यात सांगण्यात आले. मालकी हक्क ठरवून मागणारा वेगळा दावा करण्याचा मार्ग वादींसाठी मोकळा ठेवण्यात आला.

आधी एकच मुद्दा ऐकावा काय?

एखाद्या मुद्द्यावरच दावा संपण्याची शक्यता असेल, तर तो आधी निकाली काढावा, अशी मागणी प्रतिवादीकडून वारंवार होते. आदेश 14 चा दुसरा नियम त्याला मर्यादित वाव देतो. मुद्दा निव्वळ कायद्याचा असला पाहिजे आणि तो न्यायालयाच्या अधिकारितेविषयी किंवा एखाद्या कायद्याने दाव्यावर घातलेल्या बंदीविषयी असला पाहिजे. एरवी न्यायालयाने सर्व मुद्द्यांवर निर्णय द्यावा, असाच नियम आहे. यामागील कारण व्यावहारिक आहे: एका मुद्द्यावर दावा फेटाळला आणि अपिलात तो निर्णय फिरला, तर उरलेल्या मुद्द्यांसाठी सगळी सुनावणी पुन्हा सुरू करावी लागते.

महाराष्ट्रात याविषयी वेगळी तरतूद होती. संहितेत राज्याने घातलेल्या कलम 9-अ नुसार, अंतरिम आदेशाच्या टप्प्यावर अधिकारितेचा आक्षेप घेतला गेल्यास तो आधी प्राथमिक मुद्दा म्हणून ठरवावा लागे. हे कलम 2018 मध्ये वगळण्यात आले. पुढे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने या कलमाचा अर्थ लावताना, मुदतीची बाधा हा वस्तुस्थिती व कायदा यांचा मिश्र प्रश्न असेल तर तो त्याखाली प्राथमिक मुद्दा म्हणून ठरविता येत नाही, असा निर्णय दिला.

दुरुस्ती केव्हा आणि कशी?

मुद्दे काढणे ही न्यायालयाची जबाबदारी आहे. वकील आपापले मसुदे देतात आणि न्यायालय त्यांची मदत घेते, परंतु अंतिम शब्द न्यायालयाचा असतो. मखनलाल बंगाल विरुद्ध मानस भुईंया या पश्चिम बंगालमधील निवडणूक याचिकेच्या प्रकरणात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जबाबदारी अधोरेखित केली आणि या दिवशीच खटल्याची व्याप्ती व मार्ग निश्चित होतो, म्हणून तो सुनावणीचाच दिवस असतो, असे नमूद केले.

मुद्दे एकदा काढले की ते दगडावरची रेघ ठरत नाहीत. हुकूमनामा होण्यापूर्वी केव्हाही मुद्दा दुरुस्त करण्याचा, नवा घालण्याचा किंवा अनावश्यक मुद्दा वगळण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, आणि वाद मिटविण्यासाठी आवश्यक असलेली दुरुस्ती करणे बंधनकारक आहे. परंतु उशीर झाल्यास तिची किंमत वाढते. साक्षी संपल्यानंतर नवा मुद्दा घातला, तर दोन्ही बाजूंना त्यावर पुरावा देण्याची संधी द्यावी लागते आणि साक्षीदार पुन्हा बोलवावे लागतात. शिवाय नव्या मुद्द्यासाठी आधी वादपत्रात वा कैफियतीत बदल करणे गरजेचे असेल, तर सुनावणी सुरू झाल्यानंतर तो बदल सहज मिळत नाही. योग्य ती दक्षता घेऊनही ही बाब आधी मांडणे शक्य नव्हते, हे अर्जदाराला न्यायालयाला पटवून द्यावे लागते.

म्हणून मुद्द्यांची नक्कल हाती येताच ती वादपत्र आणि कैफियतीशी ताडून पाहण्याची वहिवाट अनुभवी वकील पाळतात. नाकारलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या विधानासमोर एक मुद्दा आहे काय, मान्य झालेल्या गोष्टीवर विनाकारण मुद्दा निघाला आहे काय, आणि प्रत्येक प्रश्नात 'शाबीत करतात काय' या शब्दांच्या आधी योग्य पक्षाचे नाव आहे काय, या तीन गोष्टी त्यात पाहिल्या जातात. साठेखताच्या वरील दाव्यात ही तपासणी करण्यास अर्धा तास पुरेल. पैशांच्या तयारीचा मुद्दा राहून गेल्याचे त्याच वेळी लक्षात आले, तर एका साध्या अर्जाने तो घालून घेता येतो. तेच अपिलात लक्षात आले, तर बँकेचे जुने उतारे आणि जुने साक्षीदार पुन्हा शोधण्याची वेळ येते.